दुप्पट बॅनरचं कूळ
ताडोबाच्या मोहर्ली गेटाजवळच्या एका होमस्टेचा ईमेल बॅनर मी करून देतो. गेल्या हंगामात मूळ फाईल शोधायचा कंटाळा केला. जुन्याच 600 पिक्सेल रुंद जेपीजीवर नवी तारीख टाईप केली आणि दुप्पट आकारात एक्स्पोर्ट केलं. फोनवर तारीख लख्ख दिसली, पण शेजारचं ‘मंगळवारी सफारी बंद’ धुरकट. अनुस्वार शिरोरेखेत विरघळलेले.

दुप्पट करायची रीत आली कुठून? सगळे 2010 च्या आयफोन 4 कडे बोट दाखवतात. साडेतीन इंचाच्या त्याच पडद्यावर 320 बाय 480 ऐवजी 640 बाय 960 पिक्सेल आले, आणि चित्रांच्या फाईलींना `@2x` हे शेपूट लागलं. पण हे झालं बारसं. जन्म, माझ्या मते, 1984 च्या मॅकिंटॉशसोबतच्या इमेजरायटर प्रिंटरचा. पडद्यावर इंचाला 72 ठिपके, प्रिंटर उत्तम छपाईत 144 उमटवायचा. अक्षरं ठिपक्यांचीच, म्हणून 12 पॉइंटचा मजकूर छापताना मॅक 24 पॉइंटची अक्षरं उचलून निम्म्या जागेत बसवायचा. 24 चा संच नसला, की 12 चेच ठिपके फुगवायचा आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या निघायच्या. माझ्या बॅनरचं तेच झालं होतं: मोठं अक्षर मुळात नव्हतंच, लहानालाच ताणलं.

छापखान्यातले मित्र म्हणतात, दुप्पट आमचीच: 150 लाइनच्या स्क्रीनला 300 चा फोटो. मला ते पटत नाही. तिथे जादा पिक्सेल जाळीच्या ठिपक्यांत मिसळून जातात. इथे प्रत्येक पिक्सेल दिसायला हवा.

म्हणून आता मूळ फाईलच उघडतो. त्यात मजकूर टेक्स्ट म्हणूनच असतो, फोटोही मोठा असतो. ती 1200 रुंदीत एक्स्पोर्ट करतो आणि मेलमध्ये मात्र 600 च सांगतो:

```
<img src="banner.jpg" width="600"
 style="width:100%;max-width:600px;height:auto">
```

`width="600"` विसरलात, तर विंडोजवरचं जुनं आउटलुक `max-width` ला जुमानत नाही आणि बॅनर 1200 चा पसरतो.

तिप्पट घनतेच्या फोनला दुप्पट पुरेल का? आयफोन 13 चा पडदा 390 एकक रुंद, म्हणजे खरे 1170 पिक्सेल. बॅनर तिथे आक्रसून 390 मध्ये बसतो, त्यामुळे 1200 पुरून उरतात.

राहिला वजनाचा प्रश्न. पिक्सेल चौपट होतात, आणि हा मेल भामरागडच्या रेंजमध्येही उघडायला हवा. 2012 मध्ये डान योब्सिस या डच डिझायनरने दाखवलं, की दुप्पट चित्र जेपीजीच्या अगदी कमी क्वालिटीवर सेव्ह केलं तर ते कधी कधी मूळ आकारापेक्षाही हलकं निघतं, आणि आक्रसल्यावर दोष झाकले जातात. फोटोपुरतं हे खरं. अक्षरांभोवती मात्र आधी मळ साचतो; म्हणून क्वालिटी उतरवताना मी वाघाकडे बघत नाही, ‘बंद’वरच्या अनुस्वाराकडे बघतो.