तीनशेतले एकवीस

डिसेंबर 1943. ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना, हिंदू विरुद्ध रेस्ट. या स्पर्धेत विजय हजारे यांनी आधी मुस्लीम संघाविरुद्ध 248 धावा केल्या होत्या. अंतिम सामन्यात विजय मर्चंट नाबाद 250 करून त्यांच्या पुढे गेले आणि हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव 133 धावांत आटोपला. फॉलोऑननंतर त्यांनी 387 धावा केल्या, त्यात एकट्या हजारेंच्या 309. क्रिकेटच्या गप्पांत हा आकडा आजही निघतो.

याच डावात आणखी एक आकडा आहे. सहाव्या विकेटसाठी विजय आणि त्यांचे भाऊ विवेक यांनी 300 धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा 21 धावांचा, म्हणजे 7 टक्के. बाकी धावा विजय यांच्या आणि थोड्या अवांतर. हे प्रमाण पाहून आपण सहज म्हणतो, की एक खेळत होता आणि दुसरा नुसता उभा होता.

पण नुसतं उभं राहणं दोन प्रकारचं असतं. एकात जोडीदार तुम्हाला चेंडूंपासून लपवतो. दुसऱ्यात तुम्ही स्वतः चेंडू खेळून काढता, फक्त धावा करत नाही. धावांची विभागणी दोन्हीकडे सारखीच दिसते. फरक कळतो तो कोण किती चेंडू खेळला हे पाहिल्यावर.

पहिल्या प्रकाराचा स्वच्छ नमुना म्हणजे हेडिंग्ले, 25 ऑगस्ट 2019. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 359 धावांचा पाठलाग करताना इंग्लंड 9 बाद 286. तिथून बेन स्टोक्स आणि जॅक लीच यांनी 62 चेंडूंत नाबाद 76 धावा जोडून सामना जिंकला. स्टोक्सच्या 74, लीचची 1, अवांतर 1. चेंडू मात्र स्टोक्स 45 खेळला आणि लीच 17. दहा षटकं आणि दोन चेंडूंच्या या भागीदारीत लीचला षटकामागे दोनही चेंडू खेळावे लागले नाहीत. सुरुवातीच्या चेंडूंवर एकेरी धाव नाकारायची, षटकाच्या शेवटाकडे एक धाव घेऊन स्ट्राइक आपल्याकडे ठेवायची, हे काम स्टोक्सचं. लीचचं काम उरलेले एक-दोन चेंडू अडवायचं.

आता पुन्हा हजारे बंधूंकडे. त्या काळच्या धावफलकांत फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंचा रकाना सहसा नसे. आमच्या धंद्यात रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. तिथे काय असू शकेल याच्या निदान मर्यादा काढता येतात.

समजा, भागीदारीचा वेग षटकामागे तीन धावा होता. त्या काळच्या मानाने हा वेग मुळीच संथ नाही. म्हणजे 300 धावांना 100 षटकं, 600 चेंडू. आणि समजा, विजय यांनी भावाला इतकं जपलं की विवेक यांच्या वाट्याला लीचइतकेच, षटकामागे पावणेदोनच्या आसपास चेंडू आले. तरीही ते 160 ते 170 चेंडू होतात. शिवाय लीचची लपवाछपवी जेमतेम दहा षटकं टिकवायची होती, तीही क्षेत्ररक्षक सीमेवर पांगलेले असताना. शंभर षटकं असं चालवणं अवघड, कारण एकेरी धाव नेमकी पाचव्या-सहाव्या चेंडूलाच मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणं जास्त संभवतं. अंदाज थोडा चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही: विवेक लपलेले नव्हते. एक टोक त्यांनी स्वतः धरलं होतं.

याला दुजोरा त्याच धावफलकातल्या वजाबाकीतून मिळतो. 387 मधून 300 गेले की उरतात 87. म्हणजे बाकीच्या नऊ विकेटसाठी मिळून 87 धावा, आणि त्यातही काही विजय यांच्याच. दुसऱ्या टोकाला इतरांपैकी कुणी टिकत नव्हतं. त्या दिवशी रेस्टकडे धावा करणारा माणूस होता, कमी होती ती बाद न होणाऱ्याची.

या हिशेबालाही मर्यादा आहेत. विवेक यांचे किती झेल सुटले, चांगल्या गोलंदाजाचे चेंडू कुणी जास्त खेळले, हे टक्केवारीतून दिसत नाही. चेंडूंची विभागणी भूमिका सांगते, ती किती कठीण होती हे सांगत नाही.

रेस्ट तो सामना एक डाव आणि 61 धावांनी हरले. लीचची एक धाव लक्षात राहिली, कारण तिने बरोबरी झाली आणि इंग्लंड जिंकलं. विवेक हजारे यांच्या 21 धावा पराभवातल्या, आणि 309 च्या शेजारी छापलेल्या. कागदावर त्या 7 टक्के दिसतात. पण भागीदारी दोघांपैकी एक बाद झाला की संपते. तीनशेव्या धावेपर्यंत ती न संपण्यात विवेक यांचा वाटा बराच मोठा होता.