कावळ्याला घातलेलं कोडं

ज्ञानदेवांच्या नावावर एक विराणी आहे. पलीकडे कावळा ओरडतोय आणि एक बाई त्याच्याशी बोलतेय. आधी ती त्याचे पाय सोन्याने मढवायचं कबूल करते, मग दहीभाताच्या घासावर येते, मग दुधाच्या वाटीवर. बदल्यात तिला एकच हवंय : पंढरीचा पाहुणा घरी येणार का, ते कळावं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लताबाईंनी ती गायली आणि घरोघरी पोचली. आजीला मात्र तिच्या आईच्या एकादशीच्या भजनातली चाल येत होती. लताबाईंची चाल तिला गोड वाटे, पण लांबलेली. "एवढा वेळ कावळा थांबतोय होय?" म्हणायची.

एम.ए.ला ही विराणी मला अभ्यासाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आकुर्डीला आम्ही दोघी ती आजीच्या गाथेतून वाचायला बसलो. माझ्याकडे वर्गातल्या नोट्स होत्या. आजी चौथीपर्यंत शिकलेली, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारी. म्हणजे वाचत नव्हतीच, आठवत होती.

मी अडले ते पहिल्याच मागणीवर. बाईला कावळ्याकडून बातमी हवी, मग ती त्याला उडून जायला का सांगते? नोट्समध्ये लिहिलं होतं, हा विरहातला उतावीळपणा. आजी हसली. "अगं, उड म्हणणं हाच प्रश्न असतो."

मावळातल्या तिच्या माहेरी हा खेळ रोजचा होता. तिचे चुलते मुंबईत गिरणीत. सणाच्या आधी कौलावर कावळा येऊन ओरडायला लागला की चुलती अंगणात जायची आणि म्हणायची, अमका येणार असेल तर उड. उडाला तर येणार, बसून राहिला तर नाही. दोन-तीन नावं मनात असली तर एकेक घ्यायचं आणि ज्या नावाला तो उडेल तो पाहुणा धरायचा. टाळी वाजवायची नाही, खडा मारायचा नाही. घाबरून उडालेला कावळा शकुनात मोजत नाहीत. चुलती मात्र पदराने हळूच वारा घालायची, असं आजीचं म्हणणं. तेवढं चालत असावं.

एवढं कळल्यावर मला हेमचंद्र आठवला. बाराव्या शतकातला हा गुजरातेतला जैन आचार्य. त्याच्या व्याकरणात अपभ्रंश भाषेची उदाहरणं म्हणून लोकांच्या तोंडचे दोहे आहेत, त्यात एक कावळ्याचा. बाई कावळा उडवतेय, तेवढ्यात तिला नवरा समोर दिसतो. तिच्या अर्ध्या बांगड्या जमिनीवर गळून पडतात, अर्ध्या तडकतात. मी आजीला विचारलं, असं का? ती क्षणभरही थांबली नाही. "वाट बघून वाळली होती, म्हणून गळाल्या. त्याला बघून फुलली, म्हणून फुटल्या. हे लिहिणारा बायकांत बसलेला दिसतोय." वर्गात हा उलगडा व्हायला आम्हाला टीका वाचावी लागली होती.

ज्ञानदेवांच्या हजारभर वर्षं आधीच्या तमिळ 'कुरुंतोगै'तही असाच कावळा आहे. तिथे नवरा परत आल्यावर बायकोची मैत्रीण त्याला सांगते, तुझी वर्दी देणाऱ्या कावळ्याला सात भांडी भरून तुपातला भात वाढला तरी कमीच. त्या कवयित्रीचं नावच कावळ्यावरून पडलं. म्हणजे ज्ञानदेवांनी कावळाही नवा आणला नाही आणि लाचही. नवा आहे तो पाहुणा. बाकीच्या कवितांत नवरा येतो, इथे विठ्ठल.

या पाहुण्याबद्दल आजीकडे सांगण्यासारखं होतं. माणसं पंढरीला जातात. इथे पंढरीच घरी यायची आहे. ज्या बाईला घर सोडून जाता येत नाही तिची ही विराणी, असं ती म्हणे. आकुर्डीत तिला ते दरवर्षी दिसायचं. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात, दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. आजी लग्न होऊन आली तेव्हा भोवती ज्वारीची शेतं होती. मग औद्योगिक वसाहत आली, स्कूटरचा कारखाना आला, आजोबा त्यात लागले. 1970 साली आकुर्डी, चिंचवड, पिंपरी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि गावाचं गावपण हळूहळू गेलं. आजोबांची तिसरी पाळी आणि घरात लहान मुलं, त्यामुळे आजी पंढरीला एकदाही चालत गेली नाही. तिची वारी उंबऱ्यापासून देवळापर्यंत.

दुपारी आत्या आली आणि शेजारचे भजनी बुवा आले. बुवांनी ऐकलं आणि निकाल दिला : कावळा म्हणजे सद्गुरू. देवाची खूण सांगतो तो गुरू, दुसरा अर्थ नाही. हा अर्थ संप्रदायात आहेच आणि शेवटच्या चरणात कवी खुणेबद्दल बोलतो, तिथे तो बसतोही. "गुरूला दहीभाताची लालूच दाखवतात का?" आजीने विचारलं. बुवा म्हणाले, दक्षिणा समजा.

दहीभातावर आत्याला भलतंच आठवलं. आजोबांच्या दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. तासभर थांबून शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. "आता प्राधिकरणात कावळे राहिलेतच कुठे," ती म्हणाली आणि झाडं तोडल्याची हकिकत सांगू लागली. आजी मात्र गाथेकडे बघत होती. बाई कावळ्याला म्हणते, जिवाला आवडणारी गोडी कुठली ते सांग. आणि घाटावर आपण काय करतो? गेलेल्याच्या जिवात काय अडकलंय, ते एकेक बोलून बघतो. बरोबर बोललं की कावळा शिवतो. आजीला दोन्हीकडे तोच कावळा, तोच दहीभात दिसला. मला हे ओढून आणल्यासारखं वाटलं, कारण बाकी विराणीत मरण कुठेच नाही. तसं बोलले. "तुला नाही दिसत, कारण तू अजून पिंड नाही ठेवलास," ती म्हणाली. यावर युक्तिवाद नव्हता.

मग तिनेच मला दुसरी गोष्ट दाखवली, ती कुठल्याही नोट्समध्ये नव्हती. बाई आधी विचारते, पाहुणा कधी येणार? म्हणजे येणार हे धरलेलं. तेव्हा देव पंढरीचा राजा असतो, आदरार्थी. दुधाच्या वाटीपर्यंत येता येता ती म्हणते, खरं सांग, येईल का तरी? आता तो नुसता विठो, एकेरी. लाचही उतरत जाते. सोनं कावळ्याला काय कामाचं. ते बोलायचं म्हणून बोलली, मग त्याला खायला काय लागतं ते आठवलं. शेवटी तर आंब्याची फळं देते, जी झाडावरच आहेत. "धीर सुटत चाललाय तिचा," आजी म्हणाली.

मला त्यातून आणखी एक शंका आली. उड म्हणणारी बाई शेवटी कावळ्याला फांदीवर बसून आंबा खायला सांगते. म्हणजे तिला उत्तर नकोच झालंय का? तो उडेना, तर निदान नकार तरी पुरा होऊ नये, म्हणून बसवून ठेवतेय? शेवटी भेट होईल असं आश्वासन मिळतं, पण ते कवी देतो. कावळा पूर्ण विराणीत एक शब्द बोलत नाही.

आजीला हे पटलं नाही. निरोप्याला खाऊ घालून पुन्हा विचारायचं असतं, म्हणाली. चुलती तेच करायची. बुवा म्हणाले, ज्ञानदेव सांगतात म्हणजे उडाला. आत्याने विचारलं, मग तो पाहुणा आला का? त्यावर तिघांचं जे सुरू झालं, ते बुवांची भजनाची वेळ होईपर्यंत चाललं.