वृद्धांमधील जलद नाडी, उतरलेला रक्तदाब व भ्रम

आजारी वृद्ध माणसाची नाडी जलद चालू लागते, रक्तदाब उतरतो आणि त्याला भ्रम होतो. ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर सेप्सिसची शंका घ्यावी लागते. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेताल होऊन अवयव बिघडू लागणे. मूळ संसर्ग बहुधा फुप्फुसात, मूत्रमार्गात, पित्ताशयात किंवा अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीवरील जखमेत असतो.

संसर्गामुळे रक्तवाहिन्या सैलावतात व त्यांतून द्रव झिरपतो, म्हणून दाब उतरतो. तो सावरण्यासाठी हृदय वेगाने धडधडते. मेंदूला रक्त कमी पडते, शिवाय दाह थेट मेंदूवरही परिणाम करतो.

उदाहरणार्थ, 78 वर्षांच्या आजींचा नेहमीचा वरचा दाब 150 आणि नाडी 76 आहे. दोन दिवस लघवीला जळजळ होत होती, जेवण कमी झाले होते. आज सकाळी त्या सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारतात, मध्येच डोळे मिटतात. यंत्रावर दाब 104, नाडी 116. वाचणाऱ्याला 104 हा आकडा ठीक वाटतो, पण त्यांच्यासाठी तो 46 ने उतरलेला आहे. नाडीला वरच्या दाबाने भागले की ‘शॉक इंडेक्स’ मिळतो. आजींचा एरवी 0.5 असतो, आज 1.1 आहे. एकच्या वर गेलेला हा आकडा धोक्याचा मानतात.

ताप नसल्यामुळे घरचे गाफील राहतात. उतारवयात गंभीर संसर्गातही ताप न येणे किंवा अंग उलट गार पडणे सर्रास आढळते. मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर नाडीही फारशी वाढत नाही. भ्रम म्हणजे वातातली बडबडच असे नाही. गप्प, सुस्त पडून राहणे हाही भ्रमच, आणि ‘म्हातारपण आहे, झोपू दे’ म्हणून तोच अधिक नजरेआड होतो. विसराळूपणा वर्षानुवर्षे वाढतो, भ्रम मात्र काही तासांत किंवा एकदोन दिवसांत होतो.

अर्थात, रक्तस्राव, हृदयविकाराचा झटका किंवा अंगातले पाणी कमी होणे यांतही हेच चित्र दिसते. मधुमेह्याची साखर उतरली तरी नाडी वाढते आणि भ्रम होतो, म्हणून ती लगेच तपासावी. नुसता भ्रम आणि लघवीत जंतू एवढ्यावरून मूत्रसंसर्ग ठरवणे चुकीचे आहे, कारण अनेक वृद्धांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात.

रुग्णालयात रक्ताचे कल्चर व लॅक्टेट तपासतात आणि शिरेतून द्रव देतात. दाब कोसळला असेल तर प्रतिजैविक शक्यतो तासाभरात सुरू करतात. द्रवाने दाब सावरला नाही तर नॉरअ‍ॅड्रेनलिन लावतात.

घरी अशा वेळी रक्तदाबाची रोजची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. 108 वर फोन करावा आणि नेहमीचा दाब, चालू औषधे व माणूस शेवटचा नीट कधी बोलला ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी.