ध्वनिचित्रफीत एआयच्या हवाली करण्यापूर्वी

बैठकीचे ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर चढवायचे आणि काही मिनिटांत लेखी इतिवृत्त मिळवायचे, ही सोय आता अनेक कार्यालयांत रुळली आहे. तिच्यातील धोका 2023 मध्ये सॅमसंगमध्ये उघड झाला. दक्षिण कोरियातील वृत्तांनुसार, कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने अंतर्गत बैठकीचे मुद्रण मजकुरात उतरवून टिपण तयार करण्यासाठी ते चॅटजीपीटीला दिले. त्याच वर्षी कंपनीने अशा साधनांच्या वापरावर निर्बंध घातले. यात कोणी चोरी केली नव्हती; माहिती आपणहून बाहेर गेली होती.

चित्रफितीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. इतिवृत्ताला हवे असतात फक्त शब्द. पण फाइलबरोबर उपस्थितांचे चेहरे, फळ्यावरचे आकडे आणि पडद्यावर उघडी राहिलेली ई-मेलही जाते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्थाननोंद सुरू असेल, तर चित्रीकरणाच्या जागेचे अक्षांश-रेखांशही फाइलमध्ये दडलेले असतात. चेहरे धूसर केले तरी आवाजावरून माणूस ओळखता येतो, हे सहसा विसरले जाते.

‘नंतर पुसून टाकू’ हा दिलासाही पुरेसा नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात मे 2025 मध्ये अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला संभाषणांच्या नोंदी, वापरकर्त्यांनी पुसलेल्यांसह, जपून ठेवण्याचा आदेश दिला. नव्या नोंदी जपण्याचे हे बंधन त्याच वर्षी सप्टेंबरअखेर संपले. तथापि तोवर पुसणे वापरकर्त्याच्या हाती उरले नव्हते. ‘प्रशिक्षणासाठी वापरू नये’ हा पर्याय निवडला, तरी माहिती साठवलीच जाणार नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

यावर उपाय म्हणजे काम आपल्याच संगणकावर करणे. समजा, बैठक 40 मिनिटांची आहे. ffmpeg या मोफत प्रणालीने चित्र आणि दडलेल्या नोंदी वगळून केवळ आवाज वेगळा काढता येतो. ती फाइल सुमारे 77 एमबीची होते. ओपनएआयनेच 2022 मध्ये खुली केलेली व्हिस्पर ही प्रणाली त्याचे लेखन करते.

```
ffmpeg -i baithak.mp4 -vn -map_metadata -1 -ac 1 -ar 16000 baithak.wav
whisper baithak.wav --language mr --model medium
```

पहिल्या वेळी व्हिस्पर आपले प्रारूप इंटरनेटवरून उतरवून घेते. त्यानंतर जोडणी बंद करून काम चालले, तर आवाज बाहेर जात नाही याची खात्री पटते. मराठी लेखन मात्र इंग्रजीइतके अचूक होत नाही. विशेषनामे आणि आकडे मुद्रणाशी ताडून पाहावेच लागतात. साध्या संगणकावर वेळही बराच लागतो.

बाहेरच्या सेवेवाचून गत्यंतरच नसेल, तर पूर्ण फितीऐवजी आवश्यक तेवढाच तुकडा कापून द्यावा आणि त्याआधी बैठकीतील सर्वांची संमती घ्यावी; कारण आवाज त्यांचाही असतो.