परिबल-क्षेत्रफळ पद्धत : पुढे आलेल्या तुळईच्या आधारापाशी उतार

परिबल-क्षेत्रफळ पद्धत, म्हणजेच मोमेंट-एरिया मेथड, ही भाराखाली वाकलेल्या तुळईचा उतार आणि विक्षेप काढण्याची भूमितीय रीत आहे. समाकलनाची लांबलचक समीकरणे न मांडता नमन-परिबलाच्या (बेंडिंग मोमेंटच्या) आलेखाचे क्षेत्रफळ आणि त्या क्षेत्रफळाचा मध्यबिंदू एवढ्यावर तिचे काम भागते. तुळईचे एक टोक आधाराच्या पुढे आलेले असेल, तर तिथे ही रीत विशेष सोयीची ठरते. अशा तुळईत आधारापाशी विक्षेप शून्य असतो, पण उतार सहसा शून्य नसतो. पुढे आलेले टोक वर उचलले जाणार की खाली वाकणार, हे बऱ्याच अंशी त्या उतारावरच ठरते.

दोन प्रमेये

जर्मन अभियंता ओटो मोर याने १८६८ मध्ये परिबलाचा आलेख आणि तुळईची वाकलेली रेषा यांच्यातला संबंध मांडला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील चार्ल्स ग्रीन याने १८७३ मध्ये ही पद्धत आज शिकवतात त्या रूपात आणली. तुळईच्या प्रत्येक छेदावरील परिबल M ला तिथल्या ताठरतेने, म्हणजे EI ने, भागले की तिथली वक्रता मिळते. येथे E हा स्थितिस्थापकता गुणांक आणि I हे छेदाचे निरूढी परिबल. या M/EI च्या आलेखाविषयी दोन प्रमेये आहेत.

पहिले प्रमेय सांगते, की तुळईवरील दोन बिंदूंपाशी काढलेल्या स्पर्शरेषांमधला कोन हा त्या बिंदूंमधील M/EI आलेखाच्या क्षेत्रफळाइतका असतो. दुसरे प्रमेय अंतराविषयी आहे. ब या बिंदूपाशी काढलेली स्पर्शरेषा अ पर्यंत लांबवली, तर अ हा बिंदू त्या रेषेपासून उभ्या दिशेत जितका दूर असतो, ते अंतर अ-ब मधील M/EI क्षेत्रफळाच्या अ भोवतीच्या परिबलाइतके भरते. क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्यबिंदूचे अ पासूनचे अंतर, असे ते परिबल. ज्या बिंदूचे अंतर हवे, त्याच बिंदूभोवती परिबल घ्यायचे. या पद्धतीत सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात.

पहिले प्रमेय फक्त उतारातला फरक देते. एखाद्या ठिकाणचा उतार आधीच माहीत असला, तरच त्यातून दुसऱ्या ठिकाणचा उतार निघतो. भिंतीत घट्ट बसवलेल्या तुळईत भिंतीपाशी उतार शून्य असल्याने ही सुरुवात आपोआप मिळते. पुढे आलेल्या तुळईत असा शून्य उताराचा बिंदू आधी ठाऊक नसतो. तिथे खात्रीची गोष्ट वेगळी असते: दोन्ही आधारांपाशी विक्षेप शून्य आहे. म्हणून उतार काढण्यासाठी दुसऱ्या प्रमेयाकडे जावे लागते.

उदाहरण

अ येथे बिजागरीचा आणि ब येथे रोलरचा आधार असलेली तुळई घेऊ. अ ते ब अंतर ६ मीटर आहे आणि ब च्या पुढे २ मीटरवर क हे मोकळे टोक आहे. अ-ब या गाळ्यावर दर मीटरला १० किलोन्यूटन असा एकसारखा पसरलेला भार आहे आणि क वर १२ किलोन्यूटनचा बिंदुभार आहे. तुळईचे स्वतःचे वजन सोपेपणासाठी सोडून दिले आहे. ब पाशी उतार किती?

परिबलाचा आलेख एकत्र काढण्यापेक्षा भाराप्रमाणे दोन भागांत काढणे चांगले. एकत्र आलेख अ पासून ५.२ मीटरवर शून्य होऊन खाली उतरतो. त्याच्या तुकड्यांचे मध्यबिंदू शोधणे किचकट होते. वेगळे केले तर दोन्ही आकार ओळखीचे असतात.

पहिला भाग पसरलेल्या भाराचा. अ-ब ही साधी टेकवलेली तुळई मानली, तर मधोमध परिबल ४५ किलोन्यूटन-मीटर येते आणि आलेख अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा होतो. त्याचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या दोन तृतीयांश, म्हणजे १८०. मध्यबिंदू दोन्ही आधारांपासून ३ मीटरवर. हे परिबल तुळईला मध्ये खाली लवायला लावते, त्यामुळे ते धन धरायचे.

दुसरा भाग टोकावरच्या भाराचा. १२ किलोन्यूटनचा भार २ मीटर अंतरावर असल्याने ब पाशी २४ किलोन्यूटन-मीटरचे उलट परिबल तयार होते, आणि अ पर्यंत सरळ रेषेत कमी होत शून्यावर येते. हा त्रिकोण आहे. त्याचे क्षेत्रफळ ७२ आणि चिन्ह ऋण. मध्यबिंदू मोठ्या बाजूकडे, म्हणजे ब पासून २ आणि अ पासून ४ मीटरवर.

आता ब पाशी स्पर्शरेषा काढून अ चे तिच्यापासूनचे अंतर शोधायचे, म्हणजे परिबल अ भोवती घ्यायचे:

(१८० × ३ − ७२ × ४) / EI = (५४० − २८८) / EI = २५२ / EI

उत्तर धन आहे. याचा अर्थ अ हा बिंदू ब च्या स्पर्शरेषेच्या वर आहे. अ आणि ब दोन्ही मूळ पातळीवरच असल्याने ती स्पर्शरेषा ब मधून जाताना अ च्या खालून येते आणि क कडे चढत जाते. उतार लहान असल्यामुळे तो त्या अंतराला गाळ्याच्या लांबीने भागून मिळतो:

θब = २५२ / (६ EI) = ४२ / EI

तुळई आयएसएमबी २५० या पोलादी छेदाची असेल, तर I ५,१३१.६ सेंमी⁴ आणि E २,००,००० मेगापास्कल घेऊन EI सुमारे १०,२६० किलोन्यूटन-मीटर² येते. मग ब पाशी उतार ०.००४१ रेडियन, म्हणजे जेमतेम पाव अंश, आणि तो क कडे वर जाणारा.

पडताळा

उत्तर तपासायला पहिले प्रमेय वापरावे. परिबल ब भोवती घेतले, तर अ चा उतार मिळतो: १८० × ३ − ७२ × २ = ३९६; त्याला ६ ने भागून ६६/EI. हा उतार अ पासून खाली जाणारा आहे. दोन्ही उतारांमधला कोन म्हणून ६६ + ४२ = १०८/EI. गाळ्यावरील एकूण क्षेत्रफळ १८० − ७२, तेही १०८. दोन वाटांनी आलेले आकडे जुळले, म्हणजे दोन्ही हिशेब एकमेकांशी सुसंगत आहेत.

टोक वर की खाली

तुळई ब वरून अखंड जाते. त्यामुळे डावीकडचा उतार तोच उजवीकडचा. ब च्या स्पर्शरेषेनुसार क हे टोक ४२ × २ = ८४/EI इतके वर जाईल. त्यातून पुढे आलेल्या भागाचे स्वतःचे वाकणे वजा करायचे. त्या भागाचे क्षेत्रफळ २४ आणि मध्यबिंदू क पासून ४/३ मीटरवर, म्हणून ते ३२/EI. टोक एकूण ५२/EI, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर वर उचलले जाते.

ब पाशी परिबल उलट आहे, तिथे तुळई वरच्या अंगाला ताणली गेली आहे, तरीही तिचा उतार टोकाकडे वर जाणारा आहे. परिबलाचे चिन्ह वक्रता सांगते. उताराची दिशा मात्र गाळ्याच्या पूर्ण क्षेत्रफळाच्या अ भोवतीच्या परिबलावरून ठरते. आधारापाशी उलट परिबल आहे म्हणजे टोक खाली जाणारच, असे गृहीत धरणे ही नेहमीची गल्लत आहे.

आता गाळ्यावरचा भार काढून फक्त टोकावरचा १२ किलोन्यूटन ठेवला, तर अन्वस्त नाहीसा होतो. ब चा उतार ४८/EI खाली, आणि टोकाचा विक्षेप ९६ + ३२ = १२८/EI, म्हणजे सुमारे १२.५ मिलिमीटर खाली. पुढे आलेला भाग ब पाशी भिंतीत घट्ट बसवल्यासारखा धरला असता, तर फक्त ३२/EI मिळाले असते, म्हणजे खऱ्या विक्षेपाचा चौथा हिस्सा. बाकीचा तीन चतुर्थांश हिस्सा ब च्या उतारातून येतो. म्हणून आत टेकून बाहेर आलेल्या गॅलरीच्या तुळईचा विक्षेप कॅन्टिलिव्हरच्या सूत्राने काढणे धोक्याचे आहे. आतल्या गाळ्यावर भार असताना आणि नसताना, अशा दोन्ही अवस्था तपासाव्या लागतात.

या दोन अवस्थांच्या मध्ये एक अवस्था अशी येते, की ब चा उतार शून्य होतो. आपल्या उदाहरणात गाळ्यावरचा भार तसाच ठेवून टोकावरचा भार २२.५ किलोन्यूटन केला की ब पाशी परिबल ४५ होते आणि अ भोवतीची दोन्ही परिबले, ५४० आणि ५४०, एकमेकांना रद्द करतात. एका टोकाला घट्ट बसवलेल्या आणि दुसऱ्याला टेकवलेल्या तुळईत, पसरलेल्या भाराखाली, घट्ट टोकाशी नेमके एवढेच परिबल येते: wL²/८. घट्ट बसवणे म्हणजे उतार शून्य ठेवणारे परिबल पुरवणे. येथे ते काम पुढे आलेला भाग करतो.

नेहमीच्या चुका

ब चा उतार हवा असताना परिबल ब भोवतीच घेतले, तर अ चा उतार हाती येतो. आकडा विश्वसनीय दिसतो, म्हणून ही चूक पटकन लक्षात येत नाही. वरचा बेरजेचा पडताळाही ती पकडत नाही, कारण उतारांची अदलाबदल झाली तरी बेरीज १०८ च राहते. म्हणून कोणत्या बिंदूचे अंतर, कोणाच्या स्पर्शरेषेपासून, हे आकृतीवर आधी लिहावे. दुसरी चूक म्हणजे त्रिकोणाचा मध्यबिंदू उलट बाजूला घेणे. ती एकाच उताराच्या हिशेबात झाली असेल तरच पडताळ्यात दिसते; दोन्ही उतारांत सारखीच झाली, तर बेरीज पुन्हा १०८ च येते, म्हणून दर वेळी अंतरे नव्याने मोजावीत. तिसरी चूक म्हणजे ब-क या भागाचे क्षेत्रफळ ब च्या उताराच्या हिशेबात मिसळणे. आधारापाशी उतार ठरवताना त्या भागाचा संबंध फक्त ब वरच्या परिबलातून येतो.

मर्यादा

पद्धत लहान उतार, रेषीय स्थितिस्थापक पदार्थ आणि फक्त नमनाने होणारा विक्षेप एवढे गृहीत धरते. आखूड आणि खोल तुळईत कर्तनाने होणारा विक्षेप वेगळा मिळवावा लागतो. छेद वाटेत बदलत असेल, तर M/EI चा आलेख तिथे पायरीसारखा तुटतो आणि क्षेत्रफळे तुकड्यांनी घ्यावी लागतात. मात्र फक्त ब-क भागाचा छेद बदलला, तर ब च्या उतारात फरक पडत नाही. काँक्रीटच्या तुळईत तडे गेल्यावर I जागोजागी वेगळे होते. एकच EI धरून आलेले उत्तर तिथे अंदाजापुरतेच असते.

आधार खचला तर हिशेबात तो वेगळा धरावा लागतो. ब ६ मिलिमीटर खचला, तर अ-ब ची रेषा ६ मीटरात तेवढी खाली कलते आणि ब च्या उतारातून ०.००१ रेडियन वजा होतो. वरच्या पहिल्या अवस्थेतला उतार मग ०.००४१ ऐवजी ०.००३१ राहतो. टोक मूळ पातळीच्या तुलनेत ८ मिलिमीटर अधिक खाली येते. ५ मिलिमीटर वर उचललेले टोक त्यामुळे सुमारे ३ मिलिमीटर खाली जाते.