फाइव्ह जी राउटर की फायबर : घरासाठी इंटरनेट निवडताना

देशात फाइव्ह जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. त्यानंतर वर्षभराच्या आत दोन मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी याच जाळ्यावरून घरगुती ब्रॉडबँड देण्यास सुरुवात केली. एअरटेलची सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली व मुंबईत, तर जिओची १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, पुणे व मुंबईसह आठ शहरांत सुरू झाली. दोन्ही सेवांच्या नावात ‘एअरफायबर’ हा शब्द आहे. त्यामुळे अनेक ग्राहकांचा असा समज होतो की, ही फायबरचीच एक नवी पद्धत आहे. प्रत्यक्षात घरापर्यंत कोणताही तंतू येत नाही. टॉवरपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा रेडिओ लहरींनी पार केला जातो आणि दोन्ही सेवांमधील जवळजवळ सर्व फरक या शेवटच्या टप्प्यातूनच निर्माण होतात.

वाटणी दोन्हीकडे, पण निराळी

फायबर जोडणी म्हणजे केवळ आपल्यासाठी राखून ठेवलेली वाहिनी, असे समजणे चूक आहे. भारतात घरोघरी प्रचलित असलेल्या जीपॉन तंत्रात एकाच तंतूवरील सुमारे अडीच गिगाबिट प्रतिसेकंद क्षमता साधारणतः ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. मात्र ही घरे ठरलेली असतात आणि कंपनीला त्यांची संख्या ठाऊक असते. सर्वच घरे एका क्षणी पूर्ण वेगाने माहिती उतरवून घेत नाहीत. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या ग्राहकाला बहुतेक वेळ पूर्ण वेग मिळतो.

फाइव्ह जीच्या टॉवरवरील एका सेक्टरची क्षमता मात्र परिसरातील सर्व मोबाइलधारक आणि घरगुती राउटर यांच्यात विभागली जाते. ही संख्या दर तासाला बदलते. दुपारी तीन वाजता ३०० एमबीपीएस दाखविणारा राउटर रात्री नऊ वाजता ६० वर येऊ शकतो आणि त्यात उपकरणाचा काहीही दोष नसतो. शिवाय भारतात मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठविणे व उतरविणे एकाच वारंवारतेवर आळीपाळीने चालते आणि त्यातील बराचसा वेळ उतरविण्यासाठी दिलेला असतो. म्हणून अपलोडचा वेग डाउनलोडच्या तुलनेत बराच कमी राहतो. फायबरच्या बहुतांश घरगुती योजनांत हे दोन्ही वेग सारखे असतात.

उपकरण कोठे बसविले, हे निर्णायक

फाइव्ह जी सेवेत गच्चीवर, छज्जावर किंवा खिडकीबाहेर एक संग्राहक बसवितात आणि त्यापासून केबलने घरातील राउटर जोडतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींना काँक्रीटची भिंत व धातूचा थर दिलेली काच मोठा अडथळा ठरते. त्यामुळे केवळ घरात ठेवण्याच्या राउटरपेक्षा बाहेरचा संग्राहक खूपच भरवशाचा असतो. या पट्ट्यावर पावसाचा परिणाम नगण्य असतो. मात्र वाटेत दाट झाड असेल, तर ओल्या पालवीमुळे संकेत क्षीण होतो.

संकेताची स्थिती राउटरच्या अ‍ॅपमध्ये किंवा व्यवस्थापन पानावर पाहता येते. तेथील `RSRP` हा आकडा संकेताचे बळ दाखवितो. तो उणे ८० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० च्या खाली गेला तर क्षीण समजावा. `SINR` हा आकडा संकेताची स्वच्छता दाखवितो. तो २० च्या वर असणे चांगले, शून्याजवळ असणे वाईट. दोन्ही आकडे चांगले असूनही रात्री वेग घसरत असेल, तर कारण टॉवरवरील गर्दी आहे असे मानण्यास जागा आहे आणि संग्राहक हलवून फारसा उपयोग होत नाही. आकडेच वाईट असतील, तर तंत्रज्ञाकडून जागा व दिशा बदलून घ्यावी.

फायबरमधील बिघाडाचे स्वरूप वेगळे असते. तेथे सेवा हळूहळू मंदावण्यापेक्षा एकदम बंद पडते. मोडेमवरील `LOS` हा दिवा लाल झाला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. रस्त्याच्या खोदकामात तंतू तुटणे किंवा घरातील वायर तीव्र कोनात दुमडली जाणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. तुटलेला तंतू यंत्राने सांधावा लागत असल्याने दुरुस्तीस काही तासांपासून काही दिवसही लागू शकतात.

एका कुटुंबाचा हिशेब

उदाहरणादाखल इंदूरमधील चार जणांचे एक कुटुंब घेऊ. घरात रोज चार तास एचडी चित्रफिती पाहिल्या जातात. ताशी तीन जीबी धरल्यास महिन्याला ३६० जीबी होतात. आई-वडील नोकरीला असल्याने घरावर लक्ष ठेवण्यासाठी दोन कॅमेरे आहेत व ते चित्रण अखंडपणे क्लाउडवर पाठवितात. प्रत्येक कॅमेऱ्याचा वेग केवळ १ एमबीपीएस धरला, तरी दिवसाला १०.८ जीबी आणि महिन्याला ३२४ जीबी होतात; दोन्हींचे मिळून ६४८ जीबी. एकूण वापर १००८ जीबी झाला. त्यात मुलांचे ऑनलाइन वर्ग, कार्यालयीन बैठका आणि मोबाइलचा वापर धरलेलाच नाही.

फाइव्ह जी घरगुती सेवेच्या अनेक योजनांत मासिक मर्यादा १००० जीबीच्या आसपास असते व ती ओलांडताच वेग अत्यल्प होतो. फायबरच्या अनेक योजनांत ही मर्यादा ३३०० जीबी असते. म्हणजे दरपत्रकावर दोन्ही योजना ‘अमर्याद’ दिसल्या, तरी या कुटुंबाची फाइव्ह जी सेवा महिनाअखेर मंदावेल. कॅमेरे हालचाल झाल्यावरच चित्रण पाठवतील असे केल्यास तेच कुटुंब मर्यादेत सहज बसेल. जाहिरातीतील वेगापेक्षा ही मर्यादा आणि अपलोडचा वेग आधी विचारून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. दर सांगताना १८ टक्के वस्तू व सेवा कर बहुधा वगळलेला असतो, हेही लक्षात घ्यावे.

सहा महिन्यांचे एकरकमी शुल्क भरण्यापूर्वी एका महिन्याची सेवा घेऊन चाचणी करावी. लॅपटॉप राउटरला केबलने जोडून सकाळी अकरा व रात्री नऊ वाजता, असे किमान चार दिवस वेग मोजावा. विंडोज संगणकावर पुढील आज्ञा दिल्यास प्रतिसादाचा वेळही कळतो :

```
ping -n 100 1.1.1.1
```

सरासरीपेक्षा कमाल व किमान आकड्यांतील अंतर पाहावे. फायबरवर ते सहसा थोडेच असते. फाइव्ह जीवर रात्री ते शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जात असेल, तर बैठकीत आवाज तुटेल व ऑनलाइन खेळ अडखळतील. चित्रपट मात्र विनातक्रार चालेल.

इमारतीत फायबरची वितरण पेटी आधीच असेल आणि घरी कॅमेरे, रोजच्या बैठका किंवा मोठ्या फाइली पाठविण्याचे काम असेल, तर फायबर घेणे श्रेयस्कर. सोसायटी केबल टाकू देत नसेल, वस्तीपर्यंत तंतू पोहोचलेला नसेल किंवा वापर मुख्यतः टीव्ही व मोबाइलपुरता असेल, तर फाइव्ह जी राउटर पुरेसा ठरतो. मात्र त्याचा निवाडा दुपारच्या वेगावर न करता रात्री नऊच्या वेगावर करावा.