नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणी : मालकाचा अधिकार कोठपर्यंत?

लेखी परीक्षा आणि मुलाखत उत्तीर्ण झाल्यानंतरही अनेक उमेदवारांची नियुक्ती एका शेवटच्या टप्प्यावर अडते. हा टप्पा वैद्यकीय तपासणीचा असतो. नेमणुकीपूर्वी उमेदवाराची प्रकृती तपासण्याचा अधिकार मालकाला आहे. मात्र उमेदवार ज्या कामासाठी निवडला गेला ते काम तो करू शकेल काय, एवढाच या तपासणीचा प्रश्न असला पाहिजे. हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने ३ एप्रिल १९९७ रोजी दिलेल्या एका निकालात स्पष्टपणे मांडले आहे.

मुंबईतील खटला

याचिकादार एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी मजूर म्हणून काम करीत होता. त्याला सेवेत कायम करण्याचा विचार सुरू असताना त्याची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. रक्ततपासणीत त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. अन्य दृष्टीने तो कामास योग्य होता; तरीही त्याचे नाव हंगामी मजुरांच्या यादीतून वगळण्यात आले आणि त्याचे काम थांबले.

आपली ओळख उघड झाल्यास समाजात राहणे कठीण होईल, अशी भीती त्याला होती. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची परवानगी दिली. त्यामुळे हा खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने ओळखला जातो.

एचआयव्हीबाधित व्यक्तीला नोकरीवर ठेवायचे नाही, असा उपक्रमाचा नियम होता. संबंधित व्यक्ती काम करण्यास समर्थ आहे काय आणि कामाच्या ठिकाणी तिच्यापासून इतरांना धोका आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार त्या नियमात नव्हता. म्हणूनच तो नियम मनमानी असून राज्यघटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांचा भंग करणारा आहे, असा निर्णय खंडपीठाने दिला. याचिकादाराचे नाव पुन्हा यादीत घ्यावे, त्याला काम द्यावे, कायम करण्याबाबत विचार करावा आणि बुडालेल्या मिळकतीपोटी ४० हजार रुपये द्यावेत, असे आदेश देण्यात आले.

प्रत्येक आजारी व्यक्तीला नोकरी दिलीच पाहिजे, असे मात्र न्यायालयाने म्हटलेले नाही. आजारामुळे नेमून दिलेले काम करणे शक्य नसेल, किंवा सहकाऱ्यांना खरोखरच धोका असेल, तर मालक नकार देऊ शकतो. परंतु त्यासाठी त्या व्यक्तीची प्रत्यक्ष तपासणी हवी. केवळ रोगाचे नाव पुरेसे नाही.

पुढे या विषयावर स्वतंत्र कायदा झाला. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नोकरी मिळण्याची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी मागता येत नाही.

कोणते प्रश्न गैरलागू?

याआधी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आयुर्विमा महामंडळातील एका महिला कर्मचाऱ्याचे प्रकरण आले होते. नेमणुकीच्या वेळी भरावयाच्या प्रतिज्ञापत्रात मासिक पाळी आणि पूर्वीची गर्भारपणे यांविषयी रकाने होते. गर्भारपणाची माहिती दडवली, असे कारण देऊन तिला परिवीक्षाकाळात सेवेतून काढण्यात आले होते. न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला आणि स्त्रीला संकोच वाटेल असे हे रकाने काढून टाकण्याचे निर्देश दिले. प्रश्न कामाशी निगडित असावा, हीच कसोटी तेथेही लागू झाली.

काम तसा निकष

कामाशी निगडित निकष कसा असतो, याचे चांगले उदाहरण रेल्वेभरतीत आढळते. रेल्वेने पदांच्या वैद्यकीय श्रेणी ठरविल्या आहेत आणि जाहिरातीत प्रत्येक पदापुढे श्रेणी दिलेली असते. सहायक लोको पायलट हे पद ए-१ श्रेणीत येते. या श्रेणीत दोन्ही डोळ्यांची दूरदृष्टी चष्म्याविना ६/६ लागते. कार्यालयीन लिपिक साधारणपणे सी-२ श्रेणीत येतो आणि त्याला चष्मा चालतो.

समजा, एखाद्या उमेदवाराला चष्म्याविना दूरचे अंधुक दिसते, पण चष्मा लावल्यावर दृष्टी पूर्ण असते. तो लोको पायलटच्या पदासाठी अपात्र ठरेल आणि लिपिकाच्या पदासाठी पात्र ठरू शकेल. डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया करून चष्मा घालविला, तरी ए-१ श्रेणीसाठी ती मान्य नाही. शस्त्रक्रियेवर हजारो रुपये खर्च केल्यानंतर अनेकांना हे कळते. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच श्रेणी पाहणे आवश्यक आहे.

निकष असला तरी तो विचार न करता लावता येत नाही. तमिळनाडूच्या वीज महामंडळाने रंगांधतेच्या कारणावरून एका सहायक अभियंत्याची नियुक्ती नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला योग्य विभागात सामावून घेण्याचा आदेश दिला. कामात थोडा बदल करून अडचण दूर होत असेल, तर तो पर्याय मालकाने तपासला पाहिजे, असा या निकालाचा आशय आहे.

उमेदवाराने काय तयारी करावी?

तपासणीच्या किमान महिनाभर आधी सरकारी रुग्णालयात दृष्टी, रंगज्ञान, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. कानात मळ असल्यास तो डॉक्टरांकडून आधीच काढून घ्यावा. श्रवणचाचणी असल्यास आदल्या दिवशी मोठ्या आवाजापासून दूर राहावे.

उपाशीपोटी साखर तपासायची असल्यास किमान आठ तास काही खाऊ नये, पाणी चालते. आदल्या दिवशी कठोर व्यायाम टाळावा, कारण त्यामुळे लघवीत तात्पुरती प्रथिने दिसू शकतात. मासिक पाळी सुरू असल्यास लघवीच्या नमुन्यात रक्त दिसते; तसे सांगून चाचणीसाठी दुसरा दिवस मागावा. गर्भवती महिलेने छातीचा एक्स-रे काढण्यापूर्वी डॉक्टरांना कल्पना द्यावी.

तपासणीच्या खोलीत गेल्यावर घाबरल्यामुळे रक्तदाब वाढलेला आढळणे नेहमीचे आहे. अशा वेळी पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजण्याची विनंती करावी. रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध चालू असल्यास ते मनाने बंद करू नये. चष्मा, त्याचा क्रमांक आणि जुन्या उपचारांची कागदपत्रे सोबत न्यावीत. आजार दडविणे धोक्याचे आहे, कारण खोटी माहिती हे स्वतंत्र कारण ठरून पुढे नोकरी जाऊ शकते.

अपात्र ठरल्यास

अपात्रतेचे कारण लेखी मागावे. रेल्वेत अशा निर्णयाची सूचना मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत फेरतपासणीसाठी अपील करता येते. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. उमेदवाराला यापूर्वी अपात्र ठरविण्यात आल्याची पूर्ण माहिती असताना आपण हे प्रमाणपत्र देत आहोत, असा उल्लेख डॉक्टरांनी त्यात केलेला असावा लागतो. हे एक वाक्य नसेल, तर प्रमाणपत्र विचारात घेतले जात नाही.

इतर संस्थांत अपिलाचे नियम वेगळे असतात. ते नेमणुकीच्या पत्रात किंवा भरतीच्या जाहिरातीत दिलेले नसतील, तर उमेदवाराने संबंधित कार्यालयाकडे लेखी विचारणा करून पोच घ्यावी.